सहा तास आणि तिसरा रकाना

रविवारी सकाळी वन्सं आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक पारदर्शक फाइल होती आणि फाइलमध्ये एकच कागद होता. जाड, किंचित पिवळसर, कोपऱ्यात सोनेरी ठसा असलेला. त्यांनी तो जेवणाच्या टेबलावर ठेवला, वर पाण्याचा थेंब पडू नये म्हणून तांब्या दूर सरकवला आणि मग खुर्चीवर टेकल्या.

"परदेशात इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र," त्या म्हणाल्या. "एकशेवीस तासांचा कोर्स. मी एकोणीस दिवसांत संपवला."

टेबलापलीकडे त्यांची भावजय मटार सोलत बसली होती. ती एका भाषाशाळेत अभ्यासप्रमुख होती. मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवणारी ती शाळा चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होती. तिथे शिक्षक नेमायचे, त्यांचे तास लावायचे, त्यांच्या वर्गात मागे बसून शिकवणं पाहायचं, हे तिचं अकरा वर्षांचं काम. असले कागद तिच्या टेबलावर महिन्याला दहा-बारा येत. कागद जितका जाड तितकी ती सावध होई. पण हे वन्संना सांगण्यात अर्थ नव्हता.

"एकोणीस दिवसांत म्हणजे रोजचे सहा तास झाले की," ती म्हणाली.

"कुठले सहा. दोन-अडीच तास बसायचं. व्हिडिओ पुढे सरकवता येतात. शेवटी प्रश्न येतात, चुकले तर पुन्हा सोडवायचे."

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. वय एकावन्न. चोवीस वर्षं त्यांनी एका शाळेत भूगोल शिकवला होता. वर्ग कमी होत गेले, भूगोलाचे तास दुसऱ्या विषयाच्या बाईंना जोडून दिले, तेव्हा त्यांनी कुणाच्या तोंडाला न लागता राजीनामा लिहून दिला. नवरा सहा वर्षांपूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. चोवीस वर्षं नकाशावर बोट ठेवून दाखवलेल्या जागांपैकी एकही आपण पाहिली नाही, हे त्यांनी राजीनाम्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात धाकट्या भावाला बोलून दाखवलं होतं. भावाने ते हसण्यावारी नेलं. वन्संनी नेलं नाही. त्यांनी परदेशातल्या एका भाषाशाळेकडे अर्ज केला, संगणकावरून मुलाखत दिली, आणि त्या शाळेचं पत्रही आलं.

ते पत्र त्यांनी आता फोनवर उघडून भावजयीपुढे धरलं. संचालकांना वन्सं आवडल्या होत्या, हे सरळ दिसत होतं. नोकरी दोन वर्षांची. अटी तीन: कोणत्याही विषयाची पदवी, किमान एकशेवीस तासांचं इंग्रजी अध्यापनाचं मान्यताप्राप्त प्रमाणपत्र, आणि खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवण्याचा देखरेखीखालचा किमान सहा तासांचा सराव. अडीच महिन्यांत कागद पाठवा, करार पाठवतो.

"पदवी आहे. शिक्षणशास्त्राचीसुद्धा आहे. एकशेवीस तास हे बघ," वन्संनी फाइलवर बोट ठेवलं. "राहिले सहा तास. मी चोवीस वर्षं शिकवलंय, पण तो भूगोल. ते म्हणतात इंग्रजीचेच पाहिजेत. या कोर्सवाल्यांकडे त्यासाठी जोडभाग आहे. आपणच एखादा वर्ग शोधायचा, सहा तास शिकवायचं, आणि अनुभवी माणसाने मागे बसून पाहिलं म्हणून फॉर्मवर सही द्यायची. मग ते सरावाचं वेगळं पत्र देतात." त्यांनी पिशवीतून चार पानं काढली. "तुझ्यासारखंच माणूस हवंय त्यांना. तू घरचीच. सही केलीस की झालं."

"आणि शिकवायचं कधी?"

"अगं, मला शिकवता येतं की नाही हे तुला ठाऊक नाही का?"

मटाराच्या शेंगा संपल्या होत्या. तिने सालं एका बाजूला केली, हात पुसले आणि फॉर्मची चारही पानं वाचली. सहा स्वतंत्र पाठ, प्रत्येक पाठाची तारीख, वेळ, विद्यार्थ्यांची संख्या, त्यांची पातळी, निरीक्षकाचा शेरा. शेवटच्या पानावर एक प्रश्न होता: प्रशिक्षणार्थीशी आपलं काही नातं आहे का?

"हे मला करता येणार नाही, वन्सं," ती म्हणाली. "न पाहिलेल्या पाठांवर तर नाहीच. आणि पाहिले तरी नाही. इथे नातं विचारलंय."

वन्संनी कागद पिशवीत घातले. सोफ्यावर वर्तमानपत्र वाचत असलेल्या नवऱ्याने पान खाली केलं.

"एक सही तर आहे," तो म्हणाला. "ताई काही बँक लुटायला निघालेली नाही."

"मी लोकांचे असे फॉर्म तपासते," ती म्हणाली. "खोटा फॉर्म कसा दिसतो ते मला माहीत आहे. सहाही पाठांवर 'उत्तम' लिहिलेलं असतं."

वन्सं जेवायला थांबल्या, पण त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

तीन दिवस फोन आला नाही. नवरा घरात पाहुण्यासारखा वागत होता. मीठ हवं असलं तरी उठून स्वतः घेत होता. चौथ्या दिवशी तिनेच वन्संना फोन लावला आणि शाळेत बोलावून घेतलं. घरी नव्हे, शाळेत.

वन्सं आल्या. दुसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढून आल्याने थोड्या धापा टाकत होत्या. तिने त्यांना झेरॉक्स मशीनच्या शेजारच्या आपल्या खोलीत बसवलं, कोरा कागद आडवा ठेवला आणि पट्टीने रेघा मारल्या. तीन रकाने: तास, सराव, मान्यता.

"आधी हे बघू," ती म्हणाली. "बाजारात तीन तऱ्हा आहेत. पहिली तुमची. घरबसल्या, आपल्या वेळेने. एकशेवीस तास लिहिलेले असतात, पण ते अंदाजाचे. कुणी मोजत नाही. सराव शून्य. संगणकावरून शिकवण्या घेणाऱ्या कंपन्यांना चालतं, काही छोट्या शाळांना चालतं. दुसरी, तीच, पण सरावाचा जोडभाग घेतलेली. वर्ग आपण शोधायचा, निरीक्षकही आपणच आणायचा. तिसरी म्हणजे चार आठवड्यांचा पूर्णवेळ कोर्स. तिथेही एकशेवीसच तास, पण समोरासमोरचे. सकाळी नऊला आत गेलं की संध्याकाळी बाहेर. सहा तास शिकवायचं, तेही दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या मोठ्या माणसांना, आणि मागे प्रशिक्षक बसून लिहीत असतो. चार लेखी निबंध. अनुभवी शिक्षकांचे सहा तास आपण पाहायचे. आणि एक दिवस परीक्षामंडळाचा बाहेरचा माणूस येऊन सगळ्यांच्या फाइली उलटून पाहतो. तो कागद जवळजवळ सगळीकडे चालतो."

"एकशेवीस इथेही आणि तिथेही," वन्सं म्हणाल्या.

"आकडा एकच. आत काय आहे ते वेगळं."

"आणि हा चार आठवड्यांचा असतो कुठे?"

"आपल्या गावात नाही. बाहेर जाऊन राहावं लागेल. आधी परीक्षेसारखं एक काम देतात, मुलाखत घेतात, मग प्रवेश."

वन्संनी कागद आपल्याकडे ओढला. तिसऱ्या रकान्यात दुसऱ्या ओळीपुढे तिने लिहिलं होतं: चालेल बहुधा.

"माझ्या शाळेला हे दुसरं चालेल ना मग?"

"पत्रात तास मागितलेत, सराव मागितलाय. दोन्ही होतंय. चालायला हवं."

हे ती सहज बोलून गेली. त्या दिवशी तिच्या डोक्यात सहीचाच विषय होता. आपण सही नाकारली ते बरोबरच केलं, आणि आता वाटही दाखवतोय, या समाधानात ती होती.

ठरलं असं: वन्संनी शाळेच्या संध्याकाळच्या वर्गात सहा पाठ घ्यायचे, आठवड्याला एक. निरीक्षण करायचं शाळेतल्या सगळ्यात जुन्या शिक्षकांनी. त्यांना सगळे घड्याळसर म्हणत, कारण ते कुणाचाही पाठ पाहायला बसले की मनगटावरचं घड्याळ काढून बाकावर ठेवत. फॉर्ममध्ये मागितलेली पात्रता त्यांच्यापाशी होती, पाच वर्षांच्या जागी एकवीस वर्षांचा अनुभव होता, आणि वन्संशी त्यांचं काही नातं नव्हतं.

वर्गात अकरा जण होते. बेकरीत पहाटपाळी करणारी एक बाई, दोन टॅक्सीवाले, इस्पितळातली एक परिचारिका, एक निवृत्त इलेक्ट्रिशियन, बाकी दुकानांतून काम करणारी तरुण मंडळी. सगळे दिवसभर राबून आलेले. लिहायला फळी जोडलेल्या त्या खुर्च्यांमध्ये ते अंग चोरून बसत.

पहिल्या पाठाला वन्संनी भूतकाळ घेतला. त्यांनी फळ्यावर सुरेख अक्षरात तक्ता मांडला, नियम सांगितला, अपवाद सांगितले, अपवादांची कारणं सांगितली. आवाज खणखणीत, एकही ओळ वाकडी नाही. मुलांनी लिहून घ्यावं तसं अकराही जणांनी लिहून घेतलं. तास संपला तेव्हा परिचारिकेने डोळे चोळले आणि इलेक्ट्रिशियनने वहीच्या कोपऱ्यात काढलेलं बल्बचं चित्र झाकलं.

भावजय मुद्दामच वर्गात गेली नव्हती. पण घड्याळसरांनी पाठानंतरची चर्चा तिच्या खोलीत घेतली, कारण दुसरी खोली मोकळी नव्हती. ती कोपऱ्यात हजेरीपटावर मान घालून बसली.

"साठ मिनिटांचा पाठ झाला," घड्याळसर म्हणाले. "त्यात तुम्ही चौपन्न मिनिटं बोललात."

"शिकवायचं म्हणजे बोलायलाच लागतं," वन्सं म्हणाल्या.

"सहा मिनिटं उरली. त्यातली दोन हजेरीत गेली. चार मिनिटांत अकरा माणसं. बेकरीवाल्या बाई एक वाक्य बोलल्या. ते चूक होतं. तुम्ही ते दुरुस्त केलंत आणि पुढे गेलात. त्यांना पुन्हा बोलायला मिळालं नाही."

"मी चोवीस वर्षं वर्गात उभी आहे."

"ते दिसतं," घड्याळसर शांतपणे म्हणाले. "वर्ग तुम्हाला घाबरत नाही, आणि गडबडही करत नाही. ते कुणाला शिकवता येत नाही. पण भूगोल तुम्ही सांगितला की तो त्यांना कळतो. भाषा त्यांनी वापरल्याशिवाय येत नाही. त्या माणसांनी तुमच्यापेक्षा जास्त बोलायला हवं."

वन्संचा चेहरा उतरला नाही, पण त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घालायला बराच वेळ लावला. त्या गेल्यावर घड्याळसर दारात रेंगाळले.

"मॅडम, शेऱ्यात काय लिहू? तुमच्या घरच्या आहेत म्हणून विचारतो."

"काय पाहिलंत?"

"चार मिनिटं."

"मग तेच लिहा."

त्यांनी लिहिलं: पाठ समाधानकारक नाही.

त्या रात्री नवऱ्याने जेवताना विचारलं, "ताईला नापास केलंत म्हणे." ती म्हणाली की एक पाठ नापास झालाय, ताई नव्हे. तो म्हणाला, फरक तुम्हा लोकांना कळतो.

वन्सं दुसऱ्या आठवड्याला येतील की नाही, याची तिला खात्री नव्हती. त्या आल्या, आणि अर्धा तास आधी आल्या. पिशवीत शहराचे जुने नकाशे होते. त्यांनी वर्गाच्या जोड्या केल्या, एकेकाच्या हातात नकाशा दिला आणि सांगितलं, समोरच्याला तुमच्या कामाच्या ठिकाणी कसं यायचं ते इंग्रजीत समजावून सांगा. टॅक्सीवाले दोघे एकमेकांशी रस्त्यावरून भांडायला लागले, तेही इंग्रजीत. वन्संना मध्ये पडायचा मोह अनावर होत होता. त्या फळ्यापाशी जाऊन दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या.

या वेळी त्या एकोणीस मिनिटं बोलल्या. तिसऱ्या पाठाला चौदा. चौथा पुन्हा बिघडला. त्यांनी एवढी तयारी केली होती की अर्धी तशीच राहिली आणि पाठ मध्येच संपला. घड्याळसरांनी तेही लिहिलं. पाचव्या पाठाला बेकरीवाल्या बाईंनी आपल्या भट्टीत एकदा काय झालं होतं ते सलग तीन मिनिटं सांगितलं. त्यात चुका अकरा होत्या. वन्संनी मधे एकही दुरुस्त केली नाही. त्या कागदावर टिपून ठेवल्या आणि शेवटी, कुणाच्या म्हणून न सांगता, फळ्यावर मांडल्या. वर्गानेच त्या दुरुस्त केल्या.

"हे कुठे शिकलात?" घड्याळसरांनी विचारलं.

"व्हिडिओत होतं," वन्सं म्हणाल्या. "मी पुढे सरकवला होता. परवा पुन्हा लावून पाहिला."

सहावा पाठ झाला. फॉर्म भरला गेला: दोन असमाधानकारक, तीन समाधानकारक, एक चांगला. कोर्सवाल्यांनी आठवड्याभरात सरावाचं पत्र पाठवलं. वन्संनी सगळं स्कॅन करून परदेशी शाळेला धाडलं. मुदतीला अजून तीन आठवडे बाकी होते. त्यांनी प्रवासाची मोठी बॅग माळ्यावरून काढून घेतली आणि भावाला तिचं चाक बसवायला दिली.

उत्तर पाचव्या दिवशी आलं. वन्संनी ते भावजयीला पुढे पाठवलं, सोबत एकही शब्द लिहिला नाही. तिने ते खोलीत उभ्या उभ्याच वाचलं. संचालकांनी सौजन्याने लिहिलं होतं. निरीक्षकाचे शेरे प्रामाणिक आहेत, असं मुद्दाम म्हटलं होतं. पण त्यांच्या शाळेची दर काही वर्षांनी बाहेरच्या पथकाकडून तपासणी होते. पथक प्रत्येक शिक्षकाचं प्रमाणपत्र पाहतं. सरावाचं मूल्यमापन कोर्सच्या स्वतःच्या प्रशिक्षकांनी केलेलं असावं आणि अभ्यासक्रमावर एखाद्या परीक्षामंडळाची किंवा विद्यापीठाची बाहेरची देखरेख असावी, अशी पथकाची अट आहे. 'मान्यताप्राप्त' या शब्दाचा आमच्याकडे तोच अर्थ. आपल्या प्रमाणपत्राला अशी देखरेख नाही. दिलगीर आहोत.

ती खुर्चीवर बसली. टेबलाच्या खणात तो रेघा मारलेला कागद अजून होता. तिला तो काढून पाहायची गरज नव्हती. स्वतःच्या शाळेसाठी अर्ज आला की ती तिसरा रकाना कधीच अंदाजाने भरत नसे. प्रमाणपत्र कुणाचं, त्यावर देखरेख कुणाची, हे पत्र टाकून विचारल्याशिवाय पुढे जात नसे. वन्संच्या बाबतीत तिने एका ओळीची मेल टाकली असती तर सहा आठवड्यांपूर्वीच उलगडा झाला असता. तिने टाकली नव्हती. सहीच्या बाबतीत आपण किती चोख आहोत, याकडेच तिचं लक्ष होतं.

घरी नवऱ्याला आधीच कळलं होतं. "आधीच सही केली असतीस तर मुदतीच्या आत दुसरं काही बघता आलं असतं," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, त्यामुळे ते जास्त लागलं.

"सही केली असती तरी नकारच आला असता," ती म्हणाली. "पण चूक माझीच झाली. वेगळी झाली."

दुसऱ्या दिवशी ती शाळा सुटल्यावर वन्संच्या घरी गेली. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर पृथ्वीचा मोठा नकाशा, पंखा चालू. वन्सं चाक बसवलेली बॅग पुन्हा रिकामी करत होत्या. लोकरीचे कपडे पलंगावर घड्या करून ठेवले होते.

"वन्सं, मी त्यांना विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "पत्रात 'मान्यताप्राप्त' असं होतं. कुणाची मान्यता, हे मी रोज लोकांना विचारते. तुमच्या वेळी विचारलं नाही. चालेल बहुधा, असं लिहून मोकळी झाले."

वन्संनी एक स्वेटर उचलला, त्याची घडी मोडली, पुन्हा घातली.

"सही दिली नाहीस तेव्हा मला तुझा राग आला होता," त्या म्हणाल्या. "आठ दिवस टिकला. पहिल्या पाठानंतर गेला. त्यानंतर घड्याळसरांचा आला." स्वेटर पलंगावर ठेवून त्या म्हणाल्या, "आज तुझा पुन्हा आलाय. हा जरा जास्त दिवस राहील असं वाटतं."

"राहू दे."

"चहा टाकते."

कप हातात दिल्यावर वन्सं म्हणाल्या, "मग आता तरी विचारून घे. नीट विचार. एकाच शाळेला नको, चार-पाच शाळांना विचार."

तिने तिथेच, वन्संच्या टेबलावर बसून पत्र लिहिलं. प्रश्न चारच होते. किती तासांचं प्रमाणपत्र लागतं आणि ते तास समोरासमोरचे हवेत की घरबसल्या चालतात? सराव किती तासांचा आणि त्याचं मूल्यमापन कुणी केलेलं हवं? बाहेरच्या मंडळाची देखरेख सक्तीची आहे का? आणि वयाची काही मर्यादा आहे का? शेवटचा प्रश्न वन्संनी घालायला लावला. पाच शाळांना पत्रं गेली.

चार उत्तरं आली. एक शाळा म्हणाली, आता आहे ते प्रमाणपत्र चालेल, पण आमच्याकडे मुलं आहेत, सहा ते दहा वर्षांची, आणि तास बहुतेक खेळांचे. एका देशात व्हिसासाठी वयाची अट आडवी आली; शाळेने तसं स्पष्ट लिहिलं. उरलेल्या दोघींनी, जणू एकमेकींना विचारून, एकच उत्तर दिलं: चार आठवड्यांचं, समोरासमोरचं, परीक्षामंडळाची देखरेख असलेलं; तेवढं असेल तर बोलू.

भावाचं मत पडलं की ताईने मुलांची शाळा घ्यावी. हातात आहे ते घ्यावं. वन्संनी उत्तरं छापून घेतली होती. चार आठवड्यांचा कोर्स मागणारे दोन्ही कागद त्या पुन्हा पुन्हा वाचत होत्या.

"मुलांना मी चोवीस वर्षं शिकवलं," त्या म्हणाल्या. "मला त्या बेकरीवाल्या बाईंसारखी माणसं हवीत."

"वयाच्या एकावन्नाव्या वर्षी पुन्हा होस्टेलात राहणार? तुझ्या निम्म्या वयाच्या पोरांबरोबर?"

"तू मला बॅग भरून दे," वन्सं म्हणाल्या.

प्रवेशासाठी आलेलं काम त्यांनी एकटीने सोडवलं. भावजयीला दाखवलं नाही. व्याकरणाचे प्रश्न होते, आणि एक प्रश्न असा की एखादा विद्यार्थी वर्गात बोलतच नसेल तर तुम्ही काय कराल. मुलाखतीत तोच पुन्हा विचारला गेला. वन्संनी काय उत्तर दिलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. प्रवेश मिळाला.

चार आठवड्यांत त्यांचे फोन मोजकेच आले आणि तेही दोन-दोन मिनिटांचे. कोर्सला अकरा जण होते. वन्संच्या खालोखाल वयाचा जो होता तो चौतीसचा. पाठाच्या आराखड्यांनी दिवस खाल्ला. दुसऱ्या आठवड्यात एक निबंध परत आला, पुन्हा लिहा म्हणून. तिसऱ्या आठवड्यात पातळी बदलली, आणि पुढच्या पायरीच्या विद्यार्थ्यांना शिकवलेला त्यांचा पहिला पाठ किमान दर्जाला पोहोचला नाही. त्या दिवशी त्यांनी भावाला फोन न करता भावजयीला केला.

"आज पुन्हा मीच बोलत राहिले," त्या म्हणाल्या.

"किती मिनिटं?"

"इथे घड्याळ लावत नाहीत. पण मला कळलं."

"मग पुढचा नीट होईल."

"तुला कसं माहीत?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला कळलं ना, म्हणून म्हणाले."

वन्संचा राग गेला होता की नाही, हे तिला आवाजावरून सांगता आलं नाही. तिने विचारलंही नाही.

बाहेरचा परीक्षक चौथ्या आठवड्यात आला, त्याने वन्संची फाइल चाळली आणि शेजारच्या माणसाचा पाठ बघून निघून गेला. वन्सं पास झाल्या. वरची श्रेणी कुणाकुणाला मिळाली, त्यांना नाही मिळाली. साधा पास. पहिल्या शाळेने तोपर्यंत जागा भरली होती. बाकीच्या दोन शाळांपैकी एकीने एक वर्षाचा करार दिला, दुसरीने उत्तरच दिलं नाही. एक वर्ष, दोन नव्हे. पगारही आधीच्यापेक्षा थोडा कमी. वन्संनी सही केली.

त्या गेल्यावर काही दिवसांनी, एका संध्याकाळी, नवऱ्याने बायकोला विचारलं, तुमच्या शाळेत येणाऱ्या त्या अर्जांमध्ये खरंच खोट्या सह्या असतात का. ती म्हणाली, असतात. किती? दहात दोन. त्याने मान हलवली आणि टीव्हीचा आवाज बारीक केला. एवढंच.

हिवाळ्याच्या मध्यावर, रविवारी दुपारी, वन्संचा व्हिडिओ कॉल आला. मागे उंच खिडकी होती आणि खिडकीत पिवळट उजेड. त्या जाड स्वेटरात जरा लहान दिसत होत्या. त्यांच्या वर्गात नऊ जण आहेत, त्यातला एक घरांना रंग देणारा, एक दाताच्या डॉक्टरांकडे मदतनीस, त्यांनी सगळ्यांबद्दल सांगितलं. भावाने विचारलं, तिथे काय काय पाहिलंस. वन्सं म्हणाल्या, बंदर पाहिलं, अजून फारसं काही नाही, शनिवारीही वर्ग असतो.

"आणि बरं वाटतंय का?" भावजयीने विचारलं.

वन्संनी थोडा विचार केला. "सोमवारी वाटत नाही," त्या म्हणाल्या. "गुरुवारपर्यंत वाटायला लागतं. तो रंगारी आहे ना, तो परवा घरमालकाशी इंग्रजीतून भांडून आला. वर्गात येऊन सगळं सांगितलं. चुका पुष्कळ होत्या, पण मुद्दा त्याचाच बरोबर होता."

मग त्या म्हणाल्या, उद्याच्या पाठाची तयारी व्हायची आहे, आणि त्यांनी फोन ठेवला.